पुढें काय झालें?

श्रोतेहो, एका चुकीपासून आरंभ करतों. चूक माझी स्वतःची आहे आणि तिला आतां बारा वर्षें होऊन गेलीं.

अमरावतीस माझ्या शाळेंतील एक सहकारी शिक्षक होते. एके दिवशीं मधल्या सुटींत चहा घेतांना त्यांनीं मला सांगितलें, "गुरुजी, येत्या सोमवारीं घरच्यांना नागपूरला नेतों आहें. छातींत गांठ आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणतात." मीं दोन धीराचे शब्द बोललों, आणि ते मनापासून बोललों. त्यानंतर परीक्षेचें काम आलें, पेपर तपासणें आलें. पंधरा-वीस दिवसांनीं राजकमल चौकांत ते भेटले. आम्ही कापसाच्या भावाविषयीं बोललों, नळाला एक दिवसाआड येणाऱ्या पाण्याविषयीं बोललों, एका विद्यार्थ्याच्या खोडीवर हंसलोंसुद्धां. निरोप घेतांना त्यांनीं सायकलीवर हात ठेवला आणि खालीं पाहत म्हणाले, "तुम्ही विचाराल असें वाटलें होतें."

त्या क्षणीं मला सर्व आठवलें. सोमवार आठवला, नागपूर आठवलें, त्यांचा चहाचा कप हातांत तसाच थंड झाला होता तेंही आठवलें. आज जें सांगावयाचें आहे तें या प्रसंगांतून निघालें आहे. मी विसरलों होतों असें म्हणतां येत नाहीं, कारण एका वाक्यासरशी सगळें परत आलें. मग गेलें होतें काय?

आपल्या समजुतीप्रमाणें स्मरण म्हणजे एक पेटी. वस्तु आंत आहे किंवा नाहीं. हर्मन एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें या पेटीचें मोजमाप केलें आणि तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें निरर्थक अक्षरांच्या लांबलचक माळा स्वतः पाठ केल्या आणि कांहीं वेळानें त्याच माळा पुन्हां पाठ करण्यास किती श्रम वांचतात तें पाहिलें. एका तासांत निम्म्याहून अधिक लाभ नाहींसा होई, एका दिवसांत सुमारें दोन-तृतीयांश, आणि महिन्यानें एक-पंचमांशच शिल्लक राही. आपल्या मित्राच्या पत्नीचा आजार ही कांहीं निरर्थक अक्षरांची माळ नव्हे. ती गोष्ट इतक्या वेगानें पुसली जात नाहीं. माझ्या बाबतींत ती पुसली गेलीच नव्हती. माझा दोष निराळ्या जातीचा होता.

तो दोष गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासला आहे. झालेली गोष्ट आठवणें हें एक, आणि पुढें करावयाची गोष्ट वेळेवर आठवणें हें दुसरें. आइन्स्टाइन आणि मॅक्डॅनियल या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९९० पासून या दुसऱ्या प्रकारावर प्रयोग केले. (हे आइन्स्टाइन निराळे, सापेक्षतावादाचे नव्हेत.) त्यांनीं दोन परिस्थिति वेगळ्या केल्या. एकींत कांहीं खूण समोर येते आणि ती काम आठवून देते. उदाहरणार्थ, टपालपेटी दिसली कीं खिशांतील पत्र आठवतें. दुसरींत खूण कसलीच नसते, केवळ वेळ येते, जसें "दहा मिनिटांनीं दूध उतरवावयाचें". म्हाताऱ्या माणसांना पहिल्या प्रकारांत फारसें अडत नाहीं, दुसऱ्यांत मात्र अडतें, असें त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें. साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्यानें हें वाचून सुटकेचा निश्वास टाकावा कीं काळजी करावी, हें अजून ठरलेलें नाहीं.

आतां पहा. "सोमवारीं शस्त्रक्रिया" ही गोष्ट माझ्या मनांत नीट ठेवलेली होती, पण सोमवार उजाडला तेव्हां माझ्या दारांत कसलीच खूण आली नाहीं. राजकमल चौकांत स्वतः ते गृहस्थ समोर आले, ही खूण कांहीं लहान नव्हे. पण तिच्याबरोबर कापूसही आला आणि नळही आला, आणि रोज भेटणाऱ्या माणसाशीं रोजचेंच बोलण्याची संवय त्या एका गोष्टीवर मात करून गेली. तेव्हां स्मरणशक्ति वाढविण्याचे जे उपाय वर्तमानपत्रांत छापतात, बदाम खा, शीर्षासन करा, त्यांचा येथें कांहीं उपयोग नाहीं. येथें हवी आहे ती त्या दिवशीं, त्या वेळीं समोर येणारी खूण.

आपल्या अमरावतीचेंच एक मोठें उदाहरण आहे. दादासाहेब खापर्डे, लोकमान्य टिळकांचे स्नेही आणि येथील नामांकित वकील, कित्येक दशकें नियमानें दैनंदिनी लिहीत. त्यांच्या शिर्डीच्या मुक्कामांतील, म्हणजे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळांतील नोंदी पुढें छापल्या गेल्या आणि पुष्कळांनीं त्या भक्तिभावानें वाचल्या. मी त्या दुसऱ्या कारणानें वाचल्या. पहाटे किती वाजतां उठलों, प्रार्थना कशी झाली, कोण आलें, कोण गेलें, कोणाची प्रकृति कशी आहे, हें त्यांत दिवसामागून दिवस येतें. मेघा नांवाचा साईबाबांचा सेवेकरी आजारी पडला आणि १९ जानेवारी १९१२ रोजीं पहाटे वारला, ही नोंदही तेथें आहे. एवढा मोठा गृहस्थ, ज्याच्या घरीं देशांतील पुढारी उतरत, तो एका सेवेकऱ्याच्या दुखण्याची वार्ता लिहून ठेवतो, याचें मला अप्रूप वाटलें.

पण दादासाहेबांची क्षमा मागून म्हणतों कीं आपल्या कामासाठीं त्यांची वही उलट्या तोंडाची आहे. दैनंदिनी झालेल्या दिवसाच्या पानावर लिहिली जाते आणि मागें पाहते. माझ्या सहकाऱ्यानें ज्या दिवशीं चहा घेतां घेतां ती गोष्ट सांगितली, त्या दिवसाच्या पानावर मीं ती सविस्तर लिहिली असती, तरी राजकमल चौकांत मी कापसाविषयींच बोललों असतों. कारण तें मागचें पान उघडण्याचें मला कांहींच कारण नव्हतें. गोष्ट ऐकली त्या दिवशीं लिहावयाची नाहीं. जेव्हां विचारावयाची त्या दिवसाच्या पानावर लिहावयाची. एवढाच फरक, पण बारा वर्षें मी जी वही वापरतों ती या एका फरकावर उभी आहे.

वही साधी, तारखांची छापील रोजनिशी. ती सकाळीं चहाबरोबर उघडतों. चहा चुकत नाहीं म्हणून वहीही चुकत नाहीं. भिंतीवरच्या कालदर्शिकेवर लिहिण्याचा प्रयोग आधीं केला होता, तो सोडला. आमच्या घरीं दूधवाल्याचे खाडे, गॅसची तारीख आणि चतुर्थी हीं सर्व भिंतीवरच असतात, आणि येणारा प्रत्येक पाहुणा, पंखा लावण्यापूर्वीं, तीं वाचतो. एका शेजाऱ्याच्या मुलाच्या आजाराविषयीं मीं तेथें दोन शब्द लिहिले होते. ते तिसऱ्याच शेजारणीनें वाचले आणि मला विचारलें. विश्वासानें सांगितलेली गोष्ट भिंतीवर लिहूं नये, हें मला त्या दिवशीं समजलें. वहींतही मी पूर्ण नांव लिहीत नाहीं आणि रोगाचें नांव तर नाहींच नाहीं.

आतां एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतों, म्हणजे रीत ध्यानांत येईल. २०२५ च्या जानेवारींत बडनेरा स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना माझे एक जुने स्नेही भेटले. राहणार अकोल्याचे, पूर्वीं आम्ही एका शाळेंत होतों. गाडी वीस मिनिटें उशिरां होती. तेवढ्या वेळांत त्यांनीं चार गोष्टी सांगितल्या. पत्नीचे गुडघे दुखतात. शेतांतल्या तुरीला यंदां भाव नाहीं. धाकटी मुलगी बारावीला बसते आहे. आणि शेवटीं, गाडीचा भोंगा ऐकूं येऊं लागला तेव्हां, आवाज खालीं आणून, "माझ्याही मानेंत कांहींसें लागतें आहे. पुढल्या गुरुवारीं तपासणीचा अहवाल येणार. घरीं बोललों नाहीं."

गाडींत बसल्यावर मीं वही काढली. चारांपैकीं कोणतें लिहावयाचें? गुडघे आणि तूर यांना तारीख नव्हती. तीं पुढच्या भेटींत ओघानें येणारच होतीं. तारीख दोहोंना होती. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून होती, आणि गुरुवारचा अहवाल होता. शिवाय माझा अनुभव असा कीं जी गोष्ट माणूस शेवटीं, हलक्या आवाजांत आणि जातां जातां सांगतो, तीच त्यानें सांगावयास आलेली असते. मीं गुरुवारच्या पानावर लिहिलें नाहीं. त्याच्या पुढल्या शनिवारच्या पानावर लिहिलें, "अकोला, मान, दुपारीं, एकटे असतांना." अहवाल गुरुवारीं येणार म्हणजे शुक्रवारपर्यंत येईल, हा मला एका दवाखान्यानें पूर्वीं शिकविलेला धडा. आणि अहवाल हातांत पडल्यावर माणसाला एक दिवस स्वतःशीं राहूं द्यावा.

शनिवारीं दुपारीं दूरध्वनि केला. पहिलें वाक्य मीं आधींच ठरविलें होतें, कारण येथेंच पुष्कळ जण घसरतात. "अहवाल काय आला?" असें विचारलें कीं समोरच्याला उत्तर द्यावेंच लागतें, आणि त्याची पत्नी जर शेजारीं बसली असेल तर तो खोटें बोलतो. मीं म्हटलें, "बडनेऱ्यास तुम्ही जें बोललां तें माझ्या मनांत आहे. आज बोलण्यासारखें असेल तर बोलूं, नाहीं तर नुसते तुरीवर बोलूं." पलीकडे थोडा वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ते आमच्या मूळच्या वऱ्हाडींत म्हणाले, "बापा, मास्तर, तुमाले याद होतं?" बाहेर ओसरीवर येऊन त्यांनीं सर्व सांगितलें. गांठ साधी निघाली होती. साधी निघाली नसती तर माझें वाक्य बदलावें लागलें नसतें. अशा वाक्याची कसोटी हीच कीं तें दोन्ही उत्तरांना चालावें.

मुलीच्या परीक्षेचें निराळें. येथें तारीख माहीत असूनही त्या तारखेस विचारणें हेंच चुकीचें. परीक्षेच्या सकाळीं आलेला निरोप मुलाला जड होतो, आणि रोजच्या पेपरानंतर "कसा गेला?" विचारणारा मनुष्य घरांत दुसरा परीक्षकच होऊन बसतो. मीं वहींत दोनच पानें धरलीं. एक परीक्षेच्या आधींच्या आठवड्यांतलें, आणि तेंही मुलीसाठीं नव्हे, वडिलांसाठीं: केंद्र कोठें आलें, ने-आण कोण करणार. दुसरें निकालाचें. २०२५ सालीं बारावीचा निकाल ५ मे रोजीं दुपारीं लागला. त्या दुपारीं सर्व नातेवाईक फोनवर असतात आणि सर्वांचा प्रश्न एकच, "किती टक्के?" मीं पान ७ मेचें धरलें होतें. ज्याला चांगलें सांगावयाचें असतें त्याला दोन दिवसांनींही तें सांगण्यांत गोडीच वाटते, आणि ज्याला वाईट सांगावयाचें असतें त्याचा रडण्याचा दिवस होऊन गेलेला असतो. मीं टक्के विचारले नाहींत, "आतां पुढें कोठें घालतां?" एवढेंच विचारलें. टक्के त्यांनीं आपण होऊन सांगितले.

ही सावधगिरी मला उपजत नव्हती. वही सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षीं, नव्या उत्साहांत, अकोल्यास एका लग्नाच्या पंगतींत मीं एका गृहस्थांना दहा जणांसमोर विचारलें, "काय हो, चिरंजिवांच्या परीक्षेचें काय झालें?" मला वाटलें, पहा, मला आठवण आहे! मुलगा नापास झाला होता आणि तें त्यांनीं भावकींत कोणाला सांगितलें नव्हतें. वाढप्यानें जिलेबी आणली, त्यांनीं ती नको म्हटली. पुढें दोन वर्षें ते मजशीं जेवढ्यास तेवढें बोलत. त्या पंगतींत मीं त्यांचें ध्यान ठेवीत नव्हतों, माझ्या स्मरणशक्तीचें प्रदर्शन मांडलें होतें. तेव्हांपासून वहींत तारखेबरोबर एक शब्द अधिक येतो: एकटे.

या रीतीवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो आणि तो खोटा नाहीं. लिहून ठेवून विचारणें म्हणजे आपुलकीचा हिशेब ठेवणें नव्हे काय? अमेरिकेंत जेम्स फार्ली नांवाचा एक राजकारणी होऊन गेला. फ्रँकलिन रूझव्हेल्ट यांच्या १९३२ आणि १९३६ च्या निवडणुकांची सूत्रें त्याच्याकडे होतीं. भेटणाऱ्या माणसांच्या बायकामुलांच्या आणि आवडीनिवडीच्या नोंदी तो ठेवी, आणि पुन्हां भेट होण्याआधीं त्या चाळल्या जात. समोरचा मनुष्य विरघळून जाई. पुढें राजकारण्यांच्या अशा टिपणांना त्याच्याच नांवानें ओळखूं लागले. माझी वही आणि फार्लीचीं टिपणें बाहेरून सारखींच दिसतात, हें मी कबूल करतों. मला जो भेद दिसतो तो असा कीं फार्लीची नोंद भेटीच्या आधीं उघडते, म्हणजे ज्याच्याशीं काम आहे त्याच्याचसाठीं. माझें पान तारखेला उघडतें, मग त्या माणसाशीं मला काम असो वा नसो. जो वर्षभर भेटणार नाहीं त्यालाही त्या दिवशीं पोस्टकार्ड जातें. तरी हा आक्षेप मी मनांतून काढून टाकीत नाहीं. माझ्या पत्नीनें एकदां विचारलें होतें, "माझें नांव आहे का हो वहींत?" नव्हतें. तिच्यासाठीं वही लागूं नये, असें मला वाटत होतें. मग त्याच आठवड्यांत तिची दाताची तारीख मी विसरलों.

न विचारल्यानें नक्की काय होतें, याविषयीं एक गोष्ट अलीकडे वाचली. डेव्हिन रे व त्यांचे सहकारी यांनीं, ज्यांना कोणीं विसरलें अशा माणसांचा अभ्यास करून तो २०१९ सालीं प्रसिद्ध केला. विसरलेला मनुष्य पुष्कळदां क्षमेला पात्र ठरतो. "त्याला कामें फार," "माझी ओळख फार दिवसांची नाहीं," अशीं कारणें विसरला गेलेला मनुष्यच त्याच्या वतीनें शोधून देतो. आणि तरीही त्या दोघांमधलें अंतर थोडें वाढतें. हें वाचून मला तो सायकलीवर ठेवलेला हात आठवला. त्यांनीं मला एका शब्दानें दोष दिला नव्हता. "परीक्षेचे दिवस होते, गुरुजी, तुमचें तरी काय!" असेंही ते नंतर म्हणाले होते. पण त्यानंतर घरची कोणतीही गोष्ट त्यांनीं मला आपण होऊन सांगितली नाहीं. त्यांच्या पत्नीची प्रकृति सुधारली, हें मला दुसऱ्याकडून कळलें.

आपल्या जुन्या पत्रांतून "सर्व मंडळींची खुशाली कळवावी" असें वाक्य असे. तें वाक्य मला आवडतें, पण त्यानें कोणाला कांहीं सांगावेंसें वाटत नाहीं. त्याचें उत्तरही त्याच्यासारखेंच येतें, "इकडील सर्व क्षेम". विचारावयाचें तें त्याच्याच शब्दांत विचारावें. त्यानें "मानेंत लागतें" म्हटलें असेल तर आपण "गांठ" म्हणूं नये, आणि "कर्करोग" तर मनांतही उच्चारूं नये. तपशील चुकीचा असण्यापेक्षां कमी असलेला बरा. मुलीची परीक्षा होती आणि आपण मुलाची विचारली, तर न विचारण्याहून वाईट. त्यांतून एवढेंच कळतें कीं आपण ऐकलेंच नव्हतें. शंका असेल तेथें मी मोघम राहतों: "त्या दिवशीं तुम्ही जें सांगत होतां, त्याचें पुढें काय झालें?"

आणि एकदां विचारल्यावर थांबावें. उत्तर आखडतें आलें तर ती नोंद मी खोडतों आणि पुढल्या पानावर नेत नाहीं. तो बोलेल तेव्हां बोलेल. उत्तर मोकळें आलें आणि त्यांत पुढची तारीख निघाली, जसें "सहा महिन्यांनीं पुन्हां दाखवावयाचें आहे", तर ती तारीख त्या पानावर जाते. बडनेऱ्याच्या स्नेह्यांची तशी एक तारीख निघाली होती. जुलैच्या पानावर ती होती, आणि त्या सकाळीं चहा घेतांना मला खरोखरच तिची मुळींच आठवण नव्हती.

डिसेंबर अखेर वही संपते. राहिलेल्या तारखा मी नव्या वहींत उतरवून घेतों आणि जुनी वही फाडून चुलींत घालतों. तिच्यांत दुसऱ्यांचीं दुखणीं असतात. तीं कपाटांत ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. गेल्या खेपेस उतरविण्यासारख्या सात नोंदी निघाल्या. पहिली, दाताची.